अंतरिम देयक प्रमाणपत्रातील फरकाचे बाबवार स्पष्टीकरण

बांधकामाच्या करारात काम चालू असताना कंत्राटदार ठरावीक काळाने, बहुधा दरमहा, झालेल्या कामाच्या रकमेची मागणी सादर करतो. ती तपासून मालकाकडून त्या टप्प्यावर किती रक्कम देय आहे हे वास्तुविशारद किंवा अभियंता लेखी कळवतो, त्या लेखाला अंतरिम देयक प्रमाणपत्र म्हणतात. मागणीपेक्षा प्रमाणित रक्कम कमी असेल तर कोणत्या बाबीत किती रुपये, कोणत्या कारणाने आणि करारातील कोणत्या तरतुदीच्या आधारे कमी झाले याचे विवरण प्रमाणपत्रासोबत जोडले जाते. कामावर त्याला ‘फरकाचा तक्ता’ म्हणतात. प्रस्तुत नोंदीत या तक्त्याची रचना सातारा जिल्ह्यातील एका नमुन्यादाखल घेतलेल्या शालेय इमारतीच्या आधारे मांडली आहे. इमारत आणि तिचे आकडे स्पष्टीकरणासाठी कल्पिलेले आहेत. मोजमापाचे नियम आणि कराराच्या तरतुदी मात्र प्रचलित आहेत.

सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कामांत आणि खासगी कामांत या व्यवहाराचे स्वरूप वेगळे दिसते. सरकारी कामात मोजमाप पुस्तिका हा मूळ दस्तऐवज असतो. कनिष्ठ अभियंता तिच्यात मापे नोंदवतो, वरिष्ठ ती तपासतात आणि कंत्राटदार मापे मान्य असल्याची किंवा हरकतीसह सही करतो, त्यामुळे कंत्राटदाराची मागणी आणि मंजूर रक्कम यांतला फरक वेगळ्या कागदावर क्वचितच उमटतो. शिक्षणसंस्था, सहकारी संस्था किंवा कारखाने यांच्या कामांत मात्र कंत्राटदार स्वतःचे पूर्ण बिल मापांसह देतो आणि वास्तुविशारद किंवा सल्लागार अभियंता त्यावर प्रमाणपत्र देतो. फरकाच्या तक्त्याची खरी गरज येथे पडते.

आंतरराष्ट्रीय करारांत ही अपेक्षा लिखित आहे. फिडिक या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या १९९९ च्या बांधकाम करारानुसार कंत्राटदाराचे विवरणपत्र आणि आधारकागद मिळाल्यापासून २८ दिवसांत अभियंत्याने योग्य वाटणारी देय रक्कम तपशिलासह प्रमाणित करायची असते. २०१७ च्या आवृत्तीने एक पाऊल पुढे जाऊन प्रमाणित रक्कम आणि विवरणपत्रातील संबंधित रक्कम यांतील प्रत्येक फरक दाखवून त्याची कारणे देणे आवश्यक केले. भारतातील लहान खासगी करारांत असे कलम बहुतेक वेळा नसते. तरीही कारण न देता कापलेली रक्कम पुढे लवादासमोर टिकवून धरणे प्रमाणपत्र देणाऱ्याला अवघड जाते, कारण तेव्हा मापांचे खुणेचे दगड गेलेले असतात आणि पाया मातीखाली गाडलेला असतो.

मागणीतून वजा करत जाण्याची पद्धत

तक्ता भरताना सर्वांत जास्त घोटाळा कारणांच्या शब्दांपेक्षा गणिताच्या दिशेमुळे होतो. अनेक ठिकाणी कंत्राटदाराच्या बिलावरच लाल शाईने आकडे खोडून उरलेली बेरीज प्रमाणित केली जाते. चालू बिले बहुधा एकत्रित असतात, म्हणजे प्रत्येक बिलात सुरुवातीपासून आजपर्यंतचे सगळे काम असते आणि आधी प्रमाणित झालेली रक्कम शेवटी वजा होते. अशा बिलात मागच्या महिन्यात खोडलेला आकडा कंत्राटदाराने या महिन्यात स्वतःहून दुरुस्त केला असेल आणि तपासणाऱ्याने जुन्या टिपणावरून तीच रक्कम पुन्हा वजा केली, तर एकच कपात दोनदा होते. उलट कंत्राटदाराने जुनाच आकडा पुन्हा लिहिला आणि तो या वेळी नजरेतून सुटला, तर मागे नाकारलेली रक्कम गुपचूप मंजूर होते.

यावरचा उपाय साधा आहे. प्रमाणित रक्कम मागणीपासून खाली न येता मोजलेल्या परिमाणापासून वर बांधायची असते: प्रत्येक बाबीचे आजपर्यंतचे मान्य परिमाण गुणिले कराराचा दर. फरक हा त्यानंतर काढलेला आकडा असतो. तक्त्यात फरकाशेजारी ‘हा फरक मागील प्रमाणपत्रातीलच आहे’ किंवा ‘या महिन्यात नव्याने आला’ असा एक रकाना असला, की वाचणाऱ्याला दुहेरी कपात लगेच ओळखता येते.

चार बाबींचे उदाहरण

सातारा तालुक्यातील एका शिक्षणसंस्थेची दोनमजली वर्गइमारत बाबवार दराच्या करारावर बांधली जात आहे असे मानू. करारात मोजमापासाठी भारतीय मानक १२०० लागू आहे. राखीव रक्कम, म्हणजे प्रत्येक देयकातून मालक राखून ठेवतो तो भाग, ५ टक्के आहे. कंत्राटदाराच्या चालू बिलातील एकत्रित कामाची किंमत ६२,४०,००० रुपये आहे. बहुतेक बाबींची मापे जुळतात. चार बाबींत फरक येतो.

पहिली बाब पायाच्या खोदाईची. साताऱ्याच्या आसपास मुरमाखाली लवकरच काळा पाषाण लागतो आणि पाया कातळात उतरवावा लागतो. कंत्राटदाराने कठीण खडकातील खोदाई ३१० घनमीटर दाखवली. तिचा आधार म्हणजे बाहेर टाकलेल्या ६२ टिपर खेपा, प्रत्येकी ५ घनमीटर. अभियंत्याने खोदाईपूर्वी आणि खोदाईनंतर घेतलेल्या संयुक्त पातळ्यांवरून खड्ड्याचे घनफळ १८६ घनमीटर येते. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. फोडलेला कातळ पोकळ्यांमुळे फुगतो आणि टिपरमध्ये तो मूळ जागेपेक्षा दीडपटीहून अधिक जागा व्यापू शकतो. येथे फुगवटा सुमारे ६७ टक्के दिसतो, तो फोडलेल्या पाषाणाच्या बाबतीत अशक्य नाही. करारानुसार खोदाई मात्र मूळ जागेतील मापाने मोजायची आहे. दर घनमीटरला ८५० रुपये असल्याने १२४ घनमीटरच्या फरकाचे १,०५,४०० रुपये होतात.

या बाबीचे स्पष्टीकरण ‘परिमाण साइट रेकॉर्डप्रमाणे कमी केले’ एवढे लिहिले तर कंत्राटदाराला ते खोटे वाटते, कारण त्याच्याकडे खेपांच्या पावत्या असतात आणि त्या खऱ्या असतात. योग्य नोंद अशी असते: “बाब क्र. ३, कठीण खडकातील खोदाई. मागणी ३१० घनमीटर, टिपर खेपांवरून. प्रमाणित १८६ घनमीटर, उभयतांच्या सह्यांच्या खोदाईपूर्व व खोदाईनंतरच्या पातळी-तक्त्यांवरून. करारातील मोजमाप पद्धतीनुसार खोदाई मूळ जागेत मोजावयाची असल्याने सैल मालाचे माप ग्राह्य धरलेले नाही. पातळी-तक्त्यातील एखाद्या बिंदूबाबत हरकत असल्यास तो बिंदू नमूद करावा.” यातले शेवटचे वाक्य कामाचे आहे. वाद कशावर घालता येईल ते त्याने ठरते: खेपांची संख्या आता विषयाबाहेर गेली, पातळ्या मात्र तपासायला खुल्या आहेत. खोदाईपूर्वीच्या पातळ्या घेतल्याच नसतील, किंवा मुरूम कुठे संपून कातळ कुठे सुरू झाला हे उघड्या खड्ड्यात दोघांनी नोंदवले नसेल, तर असे वाक्य लिहिण्याचा अधिकार प्रमाणपत्र देणाऱ्याला राहत नाही. या जिल्ह्यातील पायाच्या कामांत थराचा वाद मोजमापाच्या वादापेक्षाही चिवट ठरतो, कारण पायाचे काँक्रीट पडून भराव झाल्यावर थर पुन्हा पाहता येत नाही.

दुसरी बाब आतील प्लास्टरची. कंत्राटदाराने १,२४० चौरस मीटर लावले, दरवाज्यांची वजावट न करता. भिंतीच्या दोन्ही बाजूंना हेच आतील प्लास्टर आहे, असे १.२ गुणिले २.१ मीटरचे २० दरवाजे आहेत. एका दरवाज्याचे क्षेत्र २.५२ चौरस मीटर होते. संस्थेच्या देखरेख करणाऱ्या माणसाने दोन्ही बाजूंची मिळून १००.८ चौरस मीटर वजावट सुचवली, जी ३२० रुपये दराने ३२,२५६ रुपये होते. भारतीय मानक १२०० मध्ये प्लास्टरसाठी नियम वेगळा आहे. अर्धा चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट करायची नाही आणि बाजूच्या कडांचे वेगळे मापही द्यायचे नाही. अर्ध्यापासून तीन चौरस मीटरपर्यंत, दोन्ही बाजूंना एकच प्लास्टर असल्यास, एकाच बाजूची वजावट करायची आणि दुसरी बाजू कडांच्या प्लास्टरच्या बदल्यात सोडायची. तीन चौरस मीटरच्या वर दोन्ही बाजू वजा करून कडा, उंबरा आणि वरची आतली बाजू प्रत्यक्ष मोजून द्यायची. त्यामुळे येथे वजावट ५०.४ चौरस मीटर, प्रमाणित परिमाण १,१८९.६ चौरस मीटर आणि फरक १६,१२८ रुपये.

ही बाब रकमेने लहान आहे, पण तक्त्याचा स्वभाव हिच्यात दिसतो. प्रमाणपत्र देणाऱ्याने कंत्राटदाराची मागणी कमी केली तशी मालकाच्या माणसाने सुचवलेली कपातही अर्ध्यावर आणली आणि दोन्हींचे कारण एकाच नियमात आहे. तक्त्यात नियमाचा हा भाग लिहिला की तो कंत्राटदाराला वाचता येतो आणि संस्थेच्या विश्वस्तांनाही. शंभरापैकी पन्नासच चौरस मीटर का कापले, हा विश्वस्तांचा प्रश्न विचारला जाण्यापूर्वीच तेथे सुटलेला असतो.

तिसरी बाब खांबांच्या काँक्रीटची आहे आणि ती मापाची नाही. तळमजल्यावरील ४० खांबांचे १६.२ घनमीटर काँक्रीट दोघांनाही मान्य आहे, दर ७,८०० रुपये, रक्कम १,२६,३६० रुपये. साचे काढल्यावर तीन खांबांच्या तळाशी हनीकोंबिंग, म्हणजे खडी उघडी पडलेल्या पोकळ जागा दिसल्या. अशा वेळी तीन आकडे पुढे येतात. संस्थेकडून सूचना येते की खांबांची पूर्ण बाबच रोखावी. दुसरा विचार तीन खांबांची किंमत रोखण्याचा असतो. एक खांब ०.४०५ घनमीटरचा असल्याने ती ९,४७७ रुपये भरते. तिसरा आकडा दुरुस्तीच्या खर्चाचा: सैल भाग छिन्नीने काढणे, धुणे, साचा लावणे आणि मायक्रोकाँक्रीट भरणे, अंदाजे खांबाला ६,००० याप्रमाणे १८,००० रुपये.

फिडिकच्या करारात रोखायची रक्कम दुरुस्तीच्या किंवा बदलीच्या खर्चाइतकी असते, आणि तीही दुरुस्ती पूर्ण होईपर्यंतच. नमुन्याच्या करारातही तसेच कलम आहे असे धरू. १,२६,३६० रुपये रोखणे म्हणजे ३७ चांगल्या खांबांची रक्कम कारणाशिवाय अडकवणे. ९,४७७ रुपये रोखले तर उद्या कंत्राटदाराने दुरुस्ती केली नाही तर मालकाला स्वतःच्या खिशातून भर घालावी लागेल, कारण सदोष काम दुरुस्त करणे ते नव्याने करण्यापेक्षा महाग पडते. म्हणून रोखायची रक्कम १८,००० रुपयांची आहे आणि तक्त्यात तिचे वर्णन ‘कपात’ असे न करता ‘दुरुस्तीपर्यंत रोखलेली रक्कम’ असे केले जाते. स्पष्टीकरणात खांबांचे क्रमांक, पाहणीची तारीख, दोषाचे स्थान, दुरुस्तीची पद्धत आणि रक्कम कशी काढली हे असावे लागते. ‘काम असमाधानकारक’ हे शब्द येथे पुरत नाहीत, कारण त्यातून कंत्राटदाराला रक्कम सोडवण्यासाठी काय करायचे ते समजत नाही. दोष केवळ पृष्ठभागाचा नसून सळयांमागे खोल गेला असेल किंवा काँक्रीटच्या ताकदीबद्दलच शंका असेल तर प्रश्न संरचना अभियंत्याकडे जातो आणि १८,००० हा आकडा लागू राहत नाही.

चौथी बाब दराची. इमारतीच्या एका कोपऱ्यात अपेक्षेपेक्षा खोल काळी माती लागली. वास्तुविशारदाने लेखी सूचना देऊन ती काढून तेथे कठीण मुरमाचा थरांत दाबलेला भराव करायला सांगितले. १४० घनमीटर भरावाचे माप दोघांना मान्य आहे. करारात अशी बाब नसल्याने कंत्राटदाराने दरविश्लेषण देऊन १,१५० रुपये दर मागितला. विश्लेषणात मुरूम सैल घनमीटरला ४८० रुपये, दाबल्यावर आक्रसतो म्हणून सव्वापट धरून ६००, पसरणे, पाणी मारणे आणि रोलर यांचे १८०, वाहतुकीचे २२० आणि एकूण १,००० रुपयांवर १५ टक्के व्यवस्थापन व नफा आहे. मुरूम पुरवणाऱ्याच्या जोडलेल्या बिलात मात्र ४८० रुपये हा दर जागेवर पोच आहे. वाहतूक दोनदा आली. ती काढल्यावर ७८० रुपये राहतात, त्यावर १५ टक्के धरून ८९७. दरातील फरक २५३ रुपये आणि रकमेतील ३५,४२० रुपये.

अशा बाबीत ‘दर जास्त आहे’ किंवा ‘बाजारभावापेक्षा अधिक’ असे लिहिण्याचा मोह होतो. विश्लेषणातील कोणती ओळ वगळली आणि कोणत्या कागदावरून, एवढेच लिहिले तर कंत्राटदार एकतर ते मान्य करतो किंवा खाणीपासूनची वेगळी वाहतूक पावती आणून दाखवतो. दर अंतिम ठरेपर्यंत ८९७ हा ‘तात्पुरता दर’ म्हणून नोंदवणे श्रेयस्कर, कारण बाब नाकारलेली नाही आणि काम झालेले आहे. दर ठरला नाही म्हणून झालेल्या जादा कामाची रक्कम शून्य दाखवण्याची सवय अनेक कार्यालयांत आहे, तिला करारात क्वचितच आधार सापडतो.

बेरीज आणि ताळमेळ

चार बाबींचा फरक १,०५,४००, १६,१२८, १८,००० आणि ३५,४२० मिळून १,७४,९४८ रुपये होतो. म्हणजे एकत्रित प्रमाणित किंमत ६०,६५,०५२ रुपये. पाच टक्के राखीव रक्कम ३,०३,२५३ रुपये वजा जाता ५७,६१,७९९ उरतात. आधीच्या प्रमाणपत्रांनी ४७,००,००० रुपयांच्या कामावर राखीव रक्कम वजा करून ४४,६५,००० दिलेले आहेत, म्हणून या वेळी देय १२,९६,७९९ रुपये. कंत्राटदाराने याच पद्धतीने १४,६३,००० मागितले होते.

येथे कंत्राटदाराचा हिशेबनीस बहुधा अडतो. बाबवार फरक १,७४,९४८ रुपयांचा, पण मागितलेली आणि मिळणारी रक्कम यांतला फरक १,६६,२०१ रुपयांचाच. मधले ८,७४७ रुपये म्हणजे प्रमाणित न झालेल्या रकमेवरची राखीव रक्कम, जी मागणीत कापलेली होती आणि आता कापायची राहिली नाही. ही एक ओळ तक्त्याच्या शेवटी लिहिलेली नसली तर अचूक प्रमाणपत्रही चुकीचे वाटू लागते आणि पत्रव्यवहार सुरू होतो. खांबांसाठी रोखलेले १८,००० राखीव रकमेच्या आधी वजा केले की नंतर, हेही लिहावे लागते, कारण त्यावर देय रक्कम ९०० रुपयांनी बदलते. येथे ती आधी वजा केली आहे.

उद्गम कर हा या फरकाचा भाग नाही. कंत्राटदार व्यक्ती किंवा अविभक्त हिंदू कुटुंब असल्यास १ टक्का, अन्यथा २ टक्के कर मालक रक्कम देताना कापतो. तो कंत्राटदाराच्या नावे जमा होतो आणि कामाच्या मूल्याशी त्याचा संबंध नसतो. तरीही काही प्रमाणपत्रांत राखीव रक्कम, कर, दोषासाठी रोखलेली रक्कम आणि मापाची कपात एकाच ‘एकूण वजावट’ या रकान्यात मिसळलेली आढळतात. त्यामुळे कंत्राटदाराला नेमके किती काम नाकारले गेले ते कळत नाही. वस्तू व सेवा कराचा प्रश्न वेळेचा आहे. कर बीजक मागणीच्या रकमेवर आधीच निघाले असेल तर प्रमाणपत्रानंतर क्रेडिट नोट काढावी लागते. म्हणून बहुतेक जाणते कंत्राटदार आधी साधे मागणीपत्र देतात आणि फरकाचा तक्ता हातात आल्यावर प्रमाणित रकमेचे कर बीजक काढतात.

मालकाचा कंत्राटदाराविरुद्ध असलेला वेगळा दावा, उदाहरणार्थ विलंबाची भरपाई किंवा शेजाऱ्याच्या कुंपणाचे नुकसान, हा कोणत्याही बाबीचा फरक म्हणून दाखवता येत नाही. करारात वसुलीची तरतूद आणि तिची नोटीस असेल तर ती बाबींच्या बेरजेखाली स्वतंत्र ओळीत येते. प्लास्टरच्या परिमाणातून ‘उशिराबद्दल’ म्हणून चौरस मीटर कमी केलेले आढळले तर मापच अविश्वसनीय ठरते आणि पुढच्या प्रत्येक प्रमाणपत्रात ती खोट राहते.

प्रमाणपत्रानंतर

अंतरिम प्रमाणपत्र अंतिम नसते. त्यात प्रमाणित झालेले काम स्वीकारले असा अर्थ होत नाही आणि आधीची चूक पुढच्या प्रमाणपत्रात कोणत्याही दिशेने दुरुस्त करता येते. फिडिकच्या करारात हे स्पष्ट म्हटले आहे. म्हणून फरकाच्या तक्त्यातील प्रत्येक ओळ पुढच्या महिन्याच्या तक्त्यात एकतर मिटलेली किंवा चालू म्हणून पुन्हा यावी लागते. कंत्राटदाराने खाणीपासूनच्या वाहतुकीची पावती दिली आणि ती मुरमाच्या बिलापासून वेगळी निघाली, तर दर पूर्ववत करून जुन्या १४० घनमीटरचे ३५,४२० रुपये पुढच्या प्रमाणपत्रात येतात. खोदाईची ओळ मात्र पातळ्यांवर हरकत न आल्यास बंद होते. त्यानंतर बिलात पुन्हा ३१० घनमीटर आले तरी तक्त्यात नवे कारण लिहिले जात नाही, मागील प्रमाणपत्राचा क्रमांक आणि ‘फरक तोच’ एवढेच लिहिले जाते. तीन खांबांची दुरुस्ती झाल्याची संयुक्त पाहणी नोंदवली गेली की रोखलेली १८,००० रुपयांची रक्कम मोकळी होते. त्यासाठी कंत्राटदाराला वेगळा अर्ज करावा लागू नये, ती पुढच्या एकत्रित किमतीत आपोआप धरली जावी, असा संकेत आहे.